गुणाकार जुळला, तरी उत्तर चुकले: एका सरावपत्रिकेचे प्रकरण

आमच्या गल्लीतील चार-पाच मुलांचे गणित मी संध्याकाळी पाहतो. त्यांपैकी पाचवीत शिकणाऱ्या एका मुलीच्या आईने एका रात्री तिच्या सरावपत्रिकेचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिले, "भाऊजी, हिचा ताळा जुळतोय, पण बाईंनी फुली मारली आहे. चूक कुठे आहे ते आम्हाला दोघींनाही कळत नाही." हे प्रकरण मांडण्याचे कारण त्या एका वाक्यात आहे. मुलीने ताळा मनापासून केला होता, तो खरोखरच जुळत होता, आणि तरीही मसावि व लसावि ही दोन्ही उत्तरे चुकलेली होती.

फोटोत दोन प्रश्न होते. पहिला प्रश्न सरळ होता: ८४ व १२६ या संख्यांचे मूळ अवयव पाडून मसावि व लसावि काढा. दुसरा वेळापत्रकाचा होता. एका बसस्थानकातून तीन मार्गांवरील बस अनुक्रमे दर १५, २४ व ४० मिनिटांनी सुटतात. सकाळी ६ वाजता तिन्ही बस एकाच वेळी सुटल्या, तर त्या पुन्हा एकाच वेळी किती वाजता सुटतील, आणि सकाळी ६ ते दुपारी १२ या वेळात त्या एकूण किती वेळा एकत्र सुटतील?

फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला होता आणि कागद मूळचाच झेरॉक्सचा झेरॉक्स होता. दुसऱ्या प्रश्नातील मधल्या संख्येवरून कागदाची घडी गेली होती, त्यामुळे ती २४ आहे की २५ हे दिसत नव्हते; ४ ची खालची गाठ घडीत हरवली की आपला डोळा ५ ही वाचू शकतो. अशा वेळी एक अंक गृहीत धरून पुढे जाण्याआधी दोन्ही शक्यता सोडवून पाहाव्यात, असे मला वाटते. संख्या २५ असती तर १५, २५ व ४० यांचा लसावि ६०० आला असता, म्हणजे १० तास, आणि बस दुपारी ४ वाजता एकत्र आल्या असत्या. मग "१२ वाजेपर्यंत किती वेळा" या उपप्रश्नाला सकाळची पहिली वेळ सोडून काही अर्थ उरला नसता. २४ धरल्यास उपप्रश्न नीट बसत होता. एवढ्यावर २४ ठरवणे हा अंदाजच झाला असता, म्हणून मी आईला कागद सपाट ठेवून, वरून, एकाच प्रश्नाचा फोटो पुन्हा काढायला सांगितले. दुसऱ्या फोटोत २४ स्पष्ट दिसले.

आता पहिला प्रश्न. मुलीने पेन्सिलने असे लिहिले होते:

८४ = २ × २ × २१
१२६ = २ × ७ × ९
मसावि = २
लसावि = २ × २ × २१ × ७ × ९ = ५२९२

त्याखाली तिने ताळा केला होता. दोन संख्यांचा गुणाकार ८४ × १२६ = १०५८४, आणि मसावि × लसावि = २ × ५२९२ = १०५८४. दोन्ही बाजू समान आल्याने तिने बरोबरची खूण केली होती.

तिच्या अवयवांकडे पाहिले की चूक लगेच दिसते: २१ आणि ९ या मूळ संख्या नाहीत. पण ही चूक तिच्याकडून कशी झाली हे समजल्याशिवाय ती दुरुस्त होणार नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिला शेजारी बसवून १२६ चे अवयव माझ्यासमोर पुन्हा पाडायला लावले. तिने १२६ चे २ आणि ६३ केले, क्षणभर थांबून "सात नव्वे त्रेसष्ट" म्हटले, ७ आणि ९ लिहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. तिचे पाढे पाठ होते, आणि तेच इथे आड आले. पाढ्यातील जोडी सापडली की अवयव पाडून झाले, असे ती धरून चालली होती. ८४ च्या बाबतीतही "चार एकवीस चौऱ्याऐंशी" आठवल्यावर तिने ४ चे २ × २ केले, कारण ४ ओळखीचा होता, आणि २१ तसाच ठेवला.

मी तिला विचारले, "२१ ला कशाने भाग जातो?" ती म्हणाली, "तीनने आणि सातने." म्हणजे तिला ते माहीत होते. तिला माहीत नव्हते ते इतकेच, की अवयव पाडताना हा प्रश्न शेवटी उरलेल्या प्रत्येक संख्येला विचारायचा असतो. त्यासाठी एक सोपी मर्यादा उपयोगी पडते: १२१ पेक्षा लहान असलेली कोणतीही संख्या (१ सोडून) मूळ आहे की नाही हे ठरवायला तिला फक्त २, ३, ५ आणि ७ यांनी भागून पाहणे पुरते, मग ती संख्या स्वतः या चारांपैकी एक नसावी एवढेच. कारण अशी संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव ११ पेक्षा लहान असलाच पाहिजे. दोन्ही अवयव ११ किंवा त्याहून मोठे असते तर गुणाकार १२१ च्या खाली राहिला नसता. चार भागाकारांत निकाल लागतो हे कळल्यावर मुलीला ते काम जड वाटले नाही, आणि तिने स्वतःच लिहिले:

८४ = २ × २ × ३ × ७
१२६ = २ × ३ × ३ × ७

दोन्हीकडे असलेले अवयव २, ३ आणि ७, म्हणून मसावि ४२. लसाविसाठी प्रत्येक मूळ अवयव जिथे जास्त वेळा आला आहे तिथून तितक्या वेळा घ्यायचा: २ दोनदा, ३ दोनदा, ७ एकदा, म्हणजे ४ × ९ × ७ = २५२.

इथे मुलीने जो प्रश्न विचारला तो या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. "काका, मग ताळा आधी का जुळला?"

तिने ज्या पद्धतीने लसावि काढला तिच्यातच याचे उत्तर आहे. दोन्ही संख्यांचे सगळे अवयव एका ढिगात टाकले, तर त्या ढिगाचा गुणाकार १०५८४ होतो, मग ते अवयव मूळ असोत वा नसोत. सामाईक म्हणून जो अवयव आपण मसाविच्या बाजूला नेतो तो ढिगातून एकदा कमी होतो, आणि उरलेले सगळे लसाविच्या बाजूला राहते. म्हणून आपण सामाईक म्हणून फक्त २ उचलला काय किंवा पूर्ण ४२ उचलला काय, दोन्ही बाजूंचा गुणाकार १०५८४ च राहणार. एखादा सामाईक अवयव नजरेतून सुटला तर तो लसाविमध्ये एकदा जास्त जाऊन बसतो, आणि मसावि जितक्या पटीने लहान झाला तितक्याच पटीने लसावि मोठा होतो. तिच्या उत्तरात ही पट २१ होती: ४२ च्या जागी २, आणि २५२ च्या जागी ५२९२. हा ताळा गुणाकारातली चूक पकडतो. सुटलेला सामाईक अवयव मात्र तो पकडूच शकत नाही. शाळेत दोन संख्यांसाठी हाच ताळा सर्रास शिकवला जातो, आणि मुले त्यावर पूर्ण विश्वास टाकतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

याच्या उलटही घडते. मुलीने १२६ चे ६ × २१ असे तुकडे करून २ × ३ × २१ लिहिले असते, तर ८४ = २ × २ × २१ शी तुलना करताना २ आणि २१ सामाईक दिसले असते, मसावि ४२ व लसावि २५२ बरोबर आला असता, आणि अवयव अपुरे असूनही बाईंनी पूर्ण गुण दिले असते. त्या चुकीचा पत्ता पुढच्या कोणत्या तरी उदाहरणापर्यंत लागला नसता. म्हणून वही तपासताना फक्त शेवटची ओळ पाहू नये. अवयवांच्या ओळीतील प्रत्येक संख्येवर नजर टाकावी.

मग खरा ताळा कोणता? मी तिला दाखवलेला ताळा असा: मसावि आला की दिलेल्या दोन्ही संख्यांना त्याने भागावे आणि आलेले भागाकार एकमेकांशी ताडून पाहावेत. ते सहमूळ असतील, म्हणजे १ शिवाय त्यांना सामाईक विभाजक नसेल, तर मसावि बरोबर. तिच्या जुन्या उत्तराने भागले तर ८४ ÷ २ = ४२ आणि १२६ ÷ २ = ६३, आणि ४२ व ६३ या दोघांनाही २१ ने भाग जातो; म्हणजे मसावि २ × २१ = ४२ हवा होता. नव्या उत्तराने भागले तर ८४ ÷ ४२ = २ आणि १२६ ÷ ४२ = ३, आणि २ व ३ सहमूळ आहेत. लसाविसाठी भागाकार उलटा करायचा. ५२९२ ÷ ८४ = ६३ आणि ५२९२ ÷ १२६ = ४२; यांचा मसावि पुन्हा २१, म्हणून लसावि ५२९२ ÷ २१ = २५२. या ताळ्याची खुबी अशी की तो चूक दाखवून थांबत नाही, किती पटीने चूक झाली तेही सांगतो, आणि तेवढ्याने गुणले किंवा भागले की उत्तर दुरुस्त होते. अट एवढीच की लसावि म्हणून लिहिलेल्या संख्येला दिलेल्या सर्व संख्यांनी निःशेष भाग गेला पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नात तिने उभ्या मांडणीने भागाकार करायला घेतला होता. १५, २४ आणि ४० शेजारी लिहून तिन्हींना भाग जाईल अशी संख्या तिने शोधली. ती सापडली नाही, म्हणून मसावि १ असे लिहून तिने तिन्ही संख्यांचा गुणाकार केला आणि उत्तर दिले १४४०० मिनिटे. मी म्हटले, "याचे तास कर." तिने ६० ने भागून २४० तास केले, मग २४ ने भागून १० दिवस, आणि स्वतःच म्हणाली, "काका, सकाळी ६ ला एकत्र सुटलेल्या बस दहा दिवसांनी पुन्हा एकत्र येतील?" वेळापत्रकाच्या प्रश्नात उत्तराचे एकक बदलून पाहिले की अशी चूक कशी उघडी पडते ते तिला आपोआप दिसले.

चुकीचे मूळ इथे वेगळे आहे. उभ्या मांडणीत मसावि काढताना सर्व संख्यांना एकदम भाग जात नसेल तर थांबायचे असते, पण लसावि काढताना निदान दोन संख्यांना भाग जात असेपर्यंत थांबायचे नसते. दोन संख्या असतील तर हे दोन्ही नियम एकच होतात, त्यामुळे फरक कळत नाही. तिसरी संख्या आली की तो दिसतो. आणि १५, २४, ४० ही तिकडी अशी निवडली आहे की तिन्हींचा सामाईक विभाजक १ आहे, पण १५ व २४ मध्ये ३ सामाईक आहे, १५ व ४० मध्ये ५, आणि २४ व ४० मध्ये ८. मसाविच्या नियमाने चालणारे मूल पहिल्याच पायरीला अडते. योग्य मांडणी अशी होते:

२ | १५, २४, ४०
२ | १५, १२, २०
२ | १५, ६, १०
३ | १५, ३, ५
५ | ५, १, ५
  | १, १, १

डावीकडील भाजकांचा गुणाकार २ × २ × २ × ३ × ५ = १२०. दोन संख्यांचा "गुणाकार भागिले मसावि म्हणजे लसावि" हा नियम तीन संख्यांना का लागू होत नाही, तेही इथे डोळ्यांना दिसते: १४४०० मध्ये ८ दोनदा, ३ दोनदा आणि ५ दोनदा मोजले गेले आहेत, आणि हे जास्तीचे ८ × ३ × ५ = १२० काढून टाकले की १२० उरतात. वरचा ताळाही तेच सांगतो. १४४०० ला १५, २४ व ४० यांनी भागल्यास ९६०, ६०० व ३६० येतात, त्या तिघांचा मसावि १२०, आणि १४४०० ÷ १२० = १२०. तीन संख्यांच्या बाबतीत भागाकार दोन-दोन घेऊन सहमूळ असण्याची गरज नसते. तिघांना मिळून १ शिवाय सामाईक विभाजक नसला की पुरते.

१२० मिनिटे म्हणजे २ तास, म्हणून बस ८ वाजता एकत्र सुटतील. मी तिला वेळा लिहूनही पाहायला लावल्या: २४ मिनिटांची बस ६:२४, ६:४८, ७:१२, ७:३६ आणि ८:०० ला, ४० मिनिटांची ६:४०, ७:२० आणि ८:०० ला, आणि १५ मिनिटांची अर्थातच ८:०० ला. दुसऱ्या उपप्रश्नाला तिने ६ तास ÷ २ तास = ३ लिहिले होते. हा भागाकार दोन भेटींमधील अंतरे मोजतो. भेटी ६, ८, १० आणि १२ अशा ४ होतात. प्रश्नात "पुन्हा किती वेळा" असते तर ३ बरोबर ठरले असते, पण तिथे "एकूण" असे छापले होते.

या तिकडीत एक उणीव मला नंतर लक्षात आली. १५ व २४ यांचा लसावि १२० आहे, १५ व ४० यांचाही १२०, आणि २४ व ४० यांचाही १२०. म्हणजे तिसरी बस साफ विसरलेल्या मुलाचेही उत्तर बरोबर येते, आणि त्याची चूक झाकली जाते.

आम्ही बोलत असताना मुलीची आई तिथेच होती. ती म्हणाली, "पण भाऊजी, सगळ्या बस ६ लाच थोड्याच सुटतात? एखादी ६ वाजून ५ मिनिटांनी निघाली तर?" हा प्रश्न मला फार आवडला, कारण लसाविची मर्यादा नेमकी इथे आहे: सुरुवात एकत्र झाली असेल तरच लसावि थेट उत्तर देतो. २४ मिनिटांची बस ६:०० पासून आणि ४० मिनिटांची ६:०५ पासून सुरू झाली असे धरा. २४ आणि ४० या दोन्हींना ८ ने भाग जातो, म्हणून पहिल्या बसच्या सगळ्या वेळा ६ नंतर ८ च्या पटीत पडतात आणि दुसरीच्या सगळ्या वेळा ८ ने भागल्यावर ५ बाकी ठेवतात. त्या कधीच एकत्र येणार नाहीत. दुसरी बस ६:०८ ला सुरू झाली तर मात्र दोन्ही ६:४८ ला भेटतात आणि त्यानंतर दर १२० मिनिटांनी भेटत राहतात. भेट होणार की नाही हे मसावि ठरवतो, आणि झाली तर ती किती वेळाने पुन्हा होणार हे लसावि ठरवतो. पहिली भेट नेमकी केव्हा, हे शोधण्याची, पुढे कुट्टक या नावाने ओळखली गेलेली रीत आपल्याकडे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये दिली, आणि तिचा पाया म्हणजे मोठ्या संख्येला लहानीने भागून बाकीने पुन्हा भाजकाला भागत जाणे. ८४ व १२६ ला तीच रीत लावली तर १२६ ÷ ८४ ची बाकी ४२, ८४ ÷ ४२ ची बाकी शून्य, म्हणून मसावि ४२. अवयव पाडण्याची गरजच पडत नाही. पाचवीच्या मुलीला मी कुट्टक शिकवला नाही, पण ही बाकीची रीत दाखवली, कारण अवयव अपुरे राहण्याचा धोका तिच्यात नाही.

जाताना मी तिला एक उदाहरण लिहून दिले: तीन बस दर १२, १५ व १८ मिनिटांनी सुटतात, सकाळी ६ वाजता एकत्र सुटल्या, बाकी प्रश्न तेच. या संख्या मी मुद्दाम निवडल्या होत्या, कारण यांत प्रत्येक चुकीचे उत्तर वेगळे येते. कोणत्याही दोनच बस धरल्या तर ३६, ६० किंवा ९० येतात, "गुणाकार भागिले मसावि" केले तर १०८०, आणि उभ्या मांडणीत लवकर थांबले तर ३६०. त्यामुळे उत्तर पाहताच तिचे पाऊल कुठे चुकले ते मला कळणार होते.

रात्री फोटो आला, या वेळी कागद सपाट ठेवून वरून काढलेला. तिने ३ ने भागून ४, ५, ६ लिहिले होते आणि तिन्हींना भाग जाईना म्हणून तिथेच थांबून ३ × ४ × ५ × ६ = ३६० केले होते. पण त्याखाली ताळा होता: ३६० ÷ १२ = ३०, ३६० ÷ १५ = २४, ३६० ÷ १८ = २०. तिन्हींना २ ने भाग जातो असे तिने बाजूला लिहिले होते, ३६० खोडले नव्हते, पुढे ÷ २ = १८० केले होते, आणि खाली उत्तर होते: सकाळी ९ वाजता; एकूण ३ वेळा, ६, ९ आणि १२ वाजता.